सणाच्या शुभेच्छांमध्ये कराराचा विषय काढावा का?

प्रश्न: आमच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपासून एक जोडपं भाड्याने राहतं. भाडं वेळेवर देतात, घर नीट ठेवतात, मला काकू म्हणतात. करार गेल्या महिनाअखेरीस संपला. नव्या कराराचा मसुदा मी दोनदा पाठवला, दोन्ही वेळा ‘हो काकू, बघतो’ एवढंच उत्तर आलं. आता सण आलाय आणि शुभेच्छा तर पाठवणारच आहे. त्यातच कराराची आणि पुढच्या वर्षीच्या भाड्याची हळूच आठवण केली तर वाईट दिसेल का? कसं लिहू?

उत्तर:

वाईट दिसत नाही. सणाच्या मेसेजमध्ये एखादी कामाची ओळ आली तर भाडेकरू सहसा रागावत नाहीत. शुभेच्छा एका ओळीच्या आणि काम दहा ओळींचं असलं, की मात्र खटकतं. पण तुमच्या बाबतीत वाईट दिसण्याची काळजी नंतरची. मसुदा दोनदा जाऊनही ‘बघतो’च येतंय, तर कागद नेमका कशासाठी अडकलाय हे आधी शोधायला हवं.

मी इतरांची भाड्याने दिलेली घरं सांभाळण्याचं काम करतो. माझा अनुभव असा की रखडलेले करार दोन प्रकारचे असतात. काही ठिकाणी सगळं ठरलेलं असतं, फक्त सही करायला कुणाला वेळ झालेला नसतो. काही ठिकाणी एखादी गोष्ट ठरलेलीच नसते, आणि ती बोलायची नसल्यामुळे भाडेकरू कागदाला हात लावत नाही. पहिल्या प्रकारात सणाची प्रेमळ आठवण पुरते. दुसऱ्या प्रकारात तिचा उपयोग होत नाही, कारण तिथे आठवण राहिलेली नसते, बोलणं राहिलेलं असतं.

तुमचं प्रकरण कोणतं हे ओळखायला मागच्या सहा महिन्यांचे मेसेज शांतपणे वर सरकवून वाचा. नुसती सही राहिली असेल तर भाडेकरू बहुतेक वेळा सोयीचं काहीतरी विचारतो: कुठे यायचं, दोघांनी यायला हवं का, कोणती कागदपत्रं लागतील. मनात काही अडलं असेल तर तो काहीच विचारत नाही. ‘बघतो’ हे उत्तर मला दुसऱ्या प्रकारातलं वाटतं. वाचताना आणखी एक गोष्ट शोधा. त्यांनी मध्ये कधी गळती, नळ, खिडकीची कडी, भिंतीची ओल असं काही सांगितलं होतं का, आणि ते तुमच्याकडून राहून गेलंय का? असं एखादं काम निघतं, आणि भाडेकरू तोंडाने न म्हणता त्याचीच वाट पाहत असतो. काही सापडलंच तर आधी ते काम मार्गी लावा, मग शुभेच्छा लिहायला बसा.

आता कायद्याची बाजू. इथे मी एकच एक उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या ठिकाणच्या नियमांवर आणि जुन्या कराराच्या शब्दांवर ठरतं. मुदत संपल्यावर भाडेकरू राहतोय आणि मालक भाडं घेतोय, तर काही ठिकाणी जुन्याच अटी महिन्यामागून महिना चालू आहेत असं धरलं जातं. काही करारांत मात्र मुदत संपली की राहण्याचा हक्कही संपला असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भाडं वाढवायचं तर किती दिवस आधी आणि कशा पद्धतीने लेखी कळवायचं, याचेही कित्येक ठिकाणी ठरलेले नियम आहेत. म्हणून जुना करार काढा आणि मुदत, नूतनीकरण आणि नोटीस ही तीन कलमं वाचा. नोटीस लेखी पत्रानेच द्यावी असं त्यात असेल, तर शुभेच्छांच्या मेसेजमधली भाडेवाढीची ओळ नोटीस म्हणून धरली जाईल अशी आशा ठेवू नका.

तरीही तो मेसेज कायद्याच्या दृष्टीने अगदीच पोकळ नसतो, आणि इथेच भले लोक अडकतात. नोटीस म्हणून तो अपुरा असेल, पण वाद झालाच तर तुमच्याच हातचा लेखी पुरावा म्हणून तो समोर येऊ शकतो. सणाच्या भरात माणूस सढळ लिहितो. साधारण असं:

‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा! हे घर तुमचंच आहे, पुढची अनेक वर्षं इथेच आनंदात राहा. तेवढं कराराचं लवकर बघा, आधीच उशीर झालाय. १ तारखेपासून ५ टक्के वाढ धरली आहे, डिपॉझिटचा फरकही द्यावा लागेल. कळवा.’

लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य काहीतरी बिघडवतं. ‘पुढची अनेक वर्षं इथेच राहा’ हे तुम्ही आशीर्वाद म्हणून लिहिता. उद्या तुम्हाला घर रिकामं हवं झालं तर ते आश्वासन म्हणून वाचलं जाईल. ‘आधीच उशीर झालाय’ यात दोष समोरच्यावर टाकलाय, आणि शुभेच्छांच्या शेजारी आल्यामुळे तो जास्त टोचतो. ‘वाढ धरली आहे’ म्हणजे विषय संपला, आता बोलायला जागा नाही. आणि ‘कळवा’ म्हणजे नक्की काय, आणि कधीपर्यंत? याला उत्तर एकच येतं: ‘तुम्हालाही खूप खूप शुभेच्छा काकू!’ बाकीचं सगळं त्यात विरून जातं.

म्हणून मी कामाची विभागणी करतो. सणाच्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी ठेवायच्या: शुभेच्छा, कराराचं राहिलंय एवढा उल्लेख, आणि त्याबद्दल सविस्तर कधी लिहिणार ती तारीख. आकडे, अटी, कलमं त्या दुसऱ्या पत्रात. त्या दुसऱ्या पत्रात शुभेच्छा घालायच्या नाहीत.

भाडेवाढीचा विषय पहिल्या मेसेजमध्ये निघावा की नाही, यावर माझ्या व्यवसायातल्या लोकांचं एकमत नाही. सणासुदीला पैशाचा शब्दही नको, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. गोड मेसेज आला आणि चार दिवसांनी भाडेवाढीचं पत्र आलं, तर भाडेकरूला तो गोडवा मुद्दाम केलेला वाटतो, आणि पुढच्या वर्षी तुमच्या साध्या शुभेच्छांकडेही तो संशयाने बघतो. म्हणून वाढ मागायची असेल तर भाड्याबद्दल बोलायचंय हे आधीच सांगून टाकावं, फक्त आकडा सांगू नये. आकडा सांगितला की तो सण आकडेमोडीत जातो.

तारखांचं उदाहरण घेऊ. समजा सण १८ तारखेला आहे. जुना करार मागच्या महिनाअखेरीला संपला, आणि नवा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून हवा आहे. मेसेज १४ तारखेला पाठवा. सणाच्या दिवशी त्यांच्या फोनवर शंभर शुभेच्छा येतील, त्यात तुमची कामाची ओळ कुणी वाचणार नाही. आदल्या रात्री घरात तयारीची धांदल असते. शिवाय चार दिवस आधी पाठवला तर ते बाहेरगावी जाणार असतील, कुणी पाहुणे येणार असतील, हे तुम्हाला कळतं आणि पुढची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते.

मेसेज असा लिहिता येईल:

‘नमस्कार. तुम्हा दोघांना आणि घरच्या सगळ्यांना सणाच्या खूप शुभेच्छा. बाहेरगावी जाणार असाल तर प्रवास नीट होऊ दे.

एक काम आहे, पण ते सणानंतरचं. आपला नवा करार राहिला आहे. भाडं, मुदत आणि आतल्या खोलीचं रंगकाम, एवढं एकदा बोलून घेऊ. मी २२ तारखेला सगळं एका पानावर लिहून पाठवते. आधी पाठवलेल्या मसुद्यात काही अडलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. आत्ता उत्तराची घाई नाही. – काकू’

‘काही अडलं असेल तर सांगा’ हे वाक्य मी मुद्दाम घातलंय. ‘बघतो’मागे काही असेल तर ते बाहेर यायला यामुळे वाट मिळते, आणि तुम्ही पाठपुरावा करताय असंही वाटत नाही. ‘आत्ता उत्तराची घाई नाही’ यामुळे ते उत्तर द्यायचे राहिले तरी त्यांना अपराधी वाटत नाही. मात्र हे वाक्य तारखेशिवाय लिहू नका. तारीख नसेल तर ‘घाई नाही’चा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. रंगकामाचा उल्लेख तुम्हाला ते खरंच करून द्यायचं असेल तरच ठेवा. पुढच्या वर्षाच्या बोलण्यात त्यांच्याही फायद्याचं काही आहे हे दिसलं, तर ऐकायची तयारी वाढते.

हा मेसेज फक्त सही करणाऱ्यांना, वेगळा पाठवा. इमारतीचा किंवा घरच्यांचा ग्रुप असेल तर तिथे नुसत्या शुभेच्छा. कुणाचा करार राहिलाय हे शेजाऱ्यांना कळायचं कारण नाही. सगळ्यांना पाठवता ती फुलांची तयार चित्रं इथे नकोत. त्याखाली लिहिलेलं कुणी वाचत नाही. भेटवस्तू देणार असाल तर आनंदाने द्या, फक्त तिच्याबरोबर कागद पुढे करू नका. हातात भेट असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि न आवडलेल्या अटीवर अशा वेळी घेतलेली सही पुढे त्रासच देते.

आता २२ तारखेचं पत्र. खरं काम इथे होतं, म्हणून जास्त वेळ यावर घालवा. भाडं टक्क्यांत लिहू नका, रकमेत लिहा: जुनं किती, नवं किती, कोणत्या तारखेपासून. त्याखाली डिपॉझिटचा परिणाम आवर्जून लिहा, कारण तो बहुतेक मालकांच्या लक्षात राहत नाही. हिशेब सोपा आहे. जुनं भाडं १०० धरलं आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असेल, तर तुमच्याकडे २०० आहेत. ५ टक्के वाढीने भाडं १०५ होतं आणि डिपॉझिट २१० व्हायला हवं. म्हणजे पहिल्या महिन्यात भाडेकरूच्या खिशातून वाढीचे ५ आणि डिपॉझिटचे १०, असे १५ जास्त जातात. ‘फक्त ५ टक्के’ ऐकून आलेल्या माणसाला सहीच्या टेबलावर हे कळलं की तो ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि करार पुन्हा महिनाभर लांबतो. तीन वर्षांच्या चांगल्या भाडेकरूकडून मी तो फरक बहुधा मागत नाही. एवढ्याशा रकमेपेक्षा सही महिनाभर आधी होणं मालकाला जास्त सोयीचं पडतं. पण हा तुमचा निर्णय. तो काहीही असो, पत्रात लिहिलेला हवा.

दुसरा मुद्दा मधल्या महिन्याचा. जुना करार संपलेला आणि नवा सुरू न झालेला, असा हा एक महिना उघडा पडलाय. तो झाकायला लोक नव्या करारावर मागची तारीख टाकतात. तसं करू नका. सही ज्या दिवशी होते तीच तारीख सहीखाली हवी. नव्या करारात एक साधं वाक्य घाला: अमुक ते अमुक तारखेपर्यंत भाडेकरू जुन्याच अटींवर राहिले आणि त्या काळाचं भाडं पूर्ण मिळालं आहे. एवढ्याने मधली फट नोंदीत येते. या महिन्याचा भाडेवाढीचा फरकही मागू नका. मागण्याचा हक्क आहे का हा प्रश्न वेगळा, पण लेखी ठरलेलं नसताना मागे जाऊन पैसे मागितले तर आतापर्यंत राखलेला सूर तिथेच बिघडतो.

पत्र साधारण असं होईल:

‘नमस्कार. म्हटल्याप्रमाणे नव्या कराराचं लिहिते आहे. मुदत १ तारखेपासून एक वर्ष. भाडं आत्ता … आहे, १ तारखेपासून … करावं असा विचार आहे. या महिन्याचं भाडं जुन्याच दराने, मागचा फरक काही नाही. डिपॉझिट आहे तेवढंच ठेवू. नोटीसचा कालावधी दोन्ही बाजूंनी पूर्वीसारखाच. आतल्या खोलीचं रंगकाम आम्ही सही झाल्यापासून महिन्याभरात करून देऊ. यातलं काय चालेल आणि कशावर बोलायचंय ते २६ पर्यंत कळवा, म्हणजे २८ ला भेटून सही करता येईल.’

‘करावं असा विचार आहे’ हा शब्दप्रयोग नुसता मऊपणासाठी नाही. तुम्ही प्रस्ताव ठेवताय, त्यांनी मान्य केला की तो ठरेल. तुमच्या ठिकाणी भाडेवाढीसाठी ठरावीक दिवस आधी नोटीस द्यायला लागत असेल, तर २२ ते १ हे अंतर पुरणार नाही. तेव्हा करार १ तारखेपासूनच करा आणि वाढीची तारीख पुढे ढकला. दोन्हीची सुरुवात एकाच दिवशी व्हायला हवी असं काही नाही. करार नोंदवावा लागत असेल तर त्याला लागणारे दिवस आणि खर्च कोण करणार हेही याच पत्रात एका ओळीत येऊ द्या.

पहिल्या मेसेजला नुसत्या शुभेच्छा परत आल्या तर अस्वस्थ होऊ नका. तुम्हीच ‘घाई नाही’ म्हटलंय. १९ तारखेला ‘मग कराराचं?’ असं विचारलंत तर तो शब्द खोटा ठरतो. २२ ला पत्र गेलं पाहिजे, आणि ठरल्या दिवशीच गेलं पाहिजे. त्याला २६ पर्यंत उत्तर आलं नाही तर २७ ला मेसेजऐवजी फोन करा. फोनवर विचारायचा प्रश्नही ‘सही कधी?’ हा नको. ‘भाड्याचं अडलंय की मुदतीचं?’ असं विचारा. दोन ठोस पर्याय समोर ठेवले की माणूस तिसरा असेल तर तोही सांगतो. त्यांना एक वर्ष बांधून घ्यायचं नसेल, दुसरीकडे नोकरी मिळण्याची शक्यता असेल, स्वतःचं घर बघत असतील. तीन वर्षं काकू म्हणणाऱ्याला हे सांगायला जास्तच जड जातं. तसं निघालं तर सहा महिन्यांची मुदत किंवा कमी दिवसांची नोटीस देता येते का बघा. जे बोलणं होईल त्याचा दोन ओळींचा सारांश त्याच दिवशी मेसेजवर टाका. त्यांच्या गप्प राहण्याला मात्र होकार समजू नका, आणि ‘उत्तर आलं नाही म्हणून मान्य धरलं’ असं तर कधीच लिहू नका.

काही वेळा सणाच्या मेसेजमध्ये यातलं काहीच आणू नये. त्यांच्या घरी नुकतंच दुःख झालं असेल, भाडं थकलेलं असेल किंवा एखादा वाद चालू असेल, तर नुसत्या शुभेच्छा द्या किंवा गप्प राहा, आणि काम वेगळ्या पत्राने करा. तो सण त्यांचा नसून तुमचा असेल तरीही काम त्याला जोडू नका. त्यांच्यासाठी तो साधा कामाचा दिवस असतो, तिथे सरळ पत्रच बरं. आणि करार पुढे वाढवायचाच नाही असं तुम्ही मनात ठरवलं असेल, तर ‘पुढच्या वर्षाचं बोलू’ असं लिहिणं फसवणुकीजवळ जातं. तेव्हा करारात लिहिलेल्या पद्धतीने रीतसर नोटीस द्यायची.

२८ तारखेची भेट झाली, सगळं मान्य झालं, पण सही मात्र राहिली, असंही होतं. तेव्हा त्याच बैठकीत ठरलेल्या अटी, नवी सहीची तारीख आणि तोपर्यंत जुन्या अटी चालू राहतील हे एका कागदावर लिहून दोघांच्याही सह्या घ्या. त्यातला ‘तोपर्यंत’ महत्त्वाचा आहे, त्यापुढे शेवटची तारीख घाला. ती तारीखही उलटली तर पुढचं पाऊल कराराच्या नोटीसच्या कलमाप्रमाणे, लेखी, आणि गरज पडली तर वकिलाला दाखवून. त्या पत्राची भाषा कोरडी असली तरी चालेल.